पॉवरलाइन अडॅप्टरची लिंक तुटली तर : बटण दाबण्याआधी काय तपासावे

आमचे घर फोंडा तालुक्यातले, जुने आणि चिऱ्यांच्या जाड भिंतींचे आहे. फायबरची तार पुढच्या वसरीत येते आणि राउटर तिथेच आहे. माझी कामाची खोली मात्र राजांगणाच्या पलीकडे, मागच्या बाजूला आहे. मधल्या दोन चिरेबंदी भिंती ओलांडून वायफाय तिथवर पोहोचत नाही. भिंती न फोडता आणि तार न ओढता इंटरनेट मागे नेण्यासाठी आम्ही पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घेतली. एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावायचा, दुसरा कामाच्या खोलीतल्या, आणि घरातली विजेची वायरिंगच मधली तार म्हणून वापरायची, अशी ही युक्ती आहे. तीन वर्षे ही जोडी विनातक्रार चालली. मग गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी दोन अडॅप्टरमधल्या लिंकचा दिवा विझला आणि पुढचे चार दिवस माझे डोके फिरले.

त्या चार दिवसांतले तीन दिवस मी स्वतःच्या हाताने वाया घालवले. दिवा विझल्याबरोबर मी पहिले काम केले ते अडॅप्टरवरचे बटण दिवे जाईपर्यंत दाबून धरण्याचे. मूळ बिघाड वायरिंगमध्ये होता. बटण दाबल्यामुळे त्यात पेअरिंगचाही, म्हणजे दोन अडॅप्टरच्या आपसातल्या जुळणीचाही, बिघाड मिसळला आणि कोणते लक्षण कोणत्या कारणाचे आहे हे कळेनासे झाले. म्हणून या लेखात बटणाची पायरी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे. आधी बिघाड अडॅप्टरमध्ये आहे की तारेत, हे वेगळे करायचे, आणि त्यानंतरच बटणाला हात लावायचा.

हाताशी काय हवे

दोन्ही अडॅप्टर आणि त्यांची माहितीपुस्तिका, दोन लॅन केबल, एक लॅपटॉप, एक साधा एक्स्टेन्शन बोर्ड आणि कागद-पेन्सिल. एक्स्टेन्शन बोर्ड साधाच हवा, म्हणजे त्यात स्पाइक गार्ड, फ्यूजखेरीज कोणतेही सर्किट किंवा यूएसबी चार्जर नसावा. वायर पाच-सात मीटर लांब असेल तर उत्तम. डिस्ट्रिब्युशन बोर्ड, ज्याला आपण डीबी म्हणतो, त्यातले एमसीबी खालीवर करणे आपल्याला जमते. पण डीबीचे झाकण उघडण्याचे काम परवानाधारक वायरमनचेच आहे, आणि चौथ्या पायरीत त्यांची गरज लागू शकते.

## १. दिवे वाचा, पण झोपलेला अडॅप्टर मेला असे समजू नका

बहुतेक अडॅप्टरवर तीन दिवे असतात : वीज, पॉवरलाइन लिंक आणि लॅन. विजेचा दिवा लागलेला असेल, लॅनचा लुकलुकत असेल आणि फक्त मधला विझलेला असेल, तर अडॅप्टर जिवंत आहे, त्याचा राउटरशी किंवा लॅपटॉपशी संबंध आहे, पण दुसरा अडॅप्टर त्याला दिसत नाही, असा अर्थ घ्यावा. अनेक मॉडेलमध्ये हा मधला दिवा रंग बदलतो. हिरवा म्हणजे लिंक चांगली, नारिंगी म्हणजे बेताची आणि लाल म्हणजे कशीबशी. रंगांचा नेमका अर्थ आपल्या पुस्तिकेत पाहून घ्यावा, कारण पुढे प्रत्येक पायरीवर आपल्याला हाच दिवा पाहायचा आहे.

इथे पहिला सापळा आहे. वीज वाचवण्यासाठी अनेक अडॅप्टर, लॅन केबलच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र बंद असले, तर साधारण पाच मिनिटांनी झोपी जातात. लॅपटॉप बंद करून जेवायला गेलात आणि परत आल्यावर लिंकचा दिवा विझलेला दिसला, तर तो बिघाड नसतो. म्हणून तपासणी चालू असताना एका टोकाला राउटर आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉप केबलने जोडलेले आणि चालू ठेवावेत.

## २. दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत आणा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. मागच्या खोलीतला अडॅप्टर काढून राउटरच्या खोलीत आणावा आणि दोन्ही अडॅप्टर भिंतीवरच्या एकाच बोर्डात किंवा त्याच खोलीतल्या दोन बोर्डांत सरळ लावावेत. मध्ये स्पाइक गार्ड किंवा मल्टीप्लग नको. बटण दाबायचे नाही. केबल जोडून दोन मिनिटे थांबावे.

लिंकचा दिवा लागला, तर पेअरिंग शाबूत आहे आणि दोन्ही अडॅप्टर चांगले आहेत. दोष घरातल्या तारेच्या वाटेत आहे, तेव्हा तिसऱ्या पायरीकडे जावे. बटणाला या प्रसंगात काहीही काम नाही. दिवा इथेही लागला नाही, तर पेअरिंग बिघडले आहे किंवा एक अडॅप्टर निकामी झाला आहे, आणि मग थेट पाचव्या पायरीकडे जावे.

माझ्या बाबतीत ही कसोटी मी बटण दाबल्यानंतर केली, त्यामुळे दिवा लागला नाही आणि अडॅप्टर जळला असे मी ठरवून टाकले. नवी जोडी मागवण्याच्या बेतात असताना पुस्तिका नीट वाचली, तेव्हा कळले की बटण दहा सेकंदांहून जास्त धरले की अडॅप्टर आपल्या जोडीदाराला ओळखण्याची जुनी किल्ली टाकून देतो. एकाच खोलीत पुन्हा पेअरिंग केल्यावर दोन्ही दिवे हिरवे झाले. तोच अडॅप्टर मागच्या खोलीत नेला, तर दिवा पुन्हा विझला. तिथे पहिल्यांदा खात्रीने कळले की दोष अडॅप्टरचा नाही.

## ३. स्पाइक गार्ड मधून काढा

आपल्याकडे मे-जूनमध्ये आणि पाऊस परतताना विजा कडाडतात, व्होल्टेजही खालीवर होते. त्यामुळे राउटर, फायबरची डबी आणि अडॅप्टर हे सगळे एकाच स्पाइक गार्डवर लावण्याची आपली सवय असते. सवय चांगली आहे, पण पॉवरलाइन अडॅप्टरला ती मानवत नाही.

कारण समजून घेतले, तर पुढचे सारे सोपे होते. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. अडॅप्टरचा संदेश त्याच तारेवर, पण त्याहून हजारो-लाखो पटींनी जलद हेलकाव्यांवर जातो. होमप्लग एव्ही जातीच्या अडॅप्टरमध्ये हा पट्टा साधारण 2 ते 28 मेगाहर्ट्झचा आहे आणि एव्ही-2 मध्ये तो वर 86 पर्यंत जातो. चांगल्या स्पाइक गार्डचे कामच असे की, 50 हर्ट्झची वीज जाऊ द्यायची आणि त्यावर बसलेले जलद हेलकावे गिळून टाकायचे. त्यासाठी त्यात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये कपॅसिटर बसवलेला असतो. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरला, तर कागदावरच्या हिशोबाने 50 हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे 32 हजार ओहम येतो, म्हणजे विजेच्या दृष्टीने तो जणू नाहीच. पण 10 मेगाहर्ट्झला तोच अडथळा अर्ध्या ओहमच्याही खाली उतरतो, आणि अडॅप्टरच्या संदेशासाठी दोन्ही तारा जवळजवळ शॉर्ट होतात. स्पाइक गार्डच्या दृष्टीने आपला संदेश हा कचराच आहे आणि तो इमानाने साफ करतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली सर्वांना ठाऊक असते : अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये सरळ लावावा. दुसरी सहसा कोणी सांगत नाही. अडॅप्टर भिंतीत लावला, पण त्याच्या शेजारच्याच सॉकेटमध्ये स्पाइक गार्ड लावला, तरी तो कपॅसिटर त्याच तारांवर, हातभर अंतरावर बसलेला असतो आणि संदेश तिथूनही गळतो. आमच्या वसरीत नेमके असेच होते. तपासायला सोपे आहे : स्पाइक गार्डचा प्लग पूर्ण काढावा, राउटरला दुसऱ्या बोर्डावरून वीज द्यावी आणि लिंकच्या दिव्याचा रंग पाहावा. स्पाइक गार्डचे बटण नुसते बंद करून भागत नाही, कारण काही स्पाइक गार्डमध्ये कपॅसिटर बटणाच्या अलीकडे असतो.

काही अडॅप्टरच्या तोंडावर स्वतःचे सॉकेट असते. तसा अडॅप्टर असेल, तर तो भिंतीत लावून स्पाइक गार्ड त्याच्या सॉकेटमध्ये लावावा. त्या सॉकेटच्या आत फिल्टर असतो, त्यामुळे स्पाइक गार्ड आणि त्यावरची यंत्रे अडॅप्टरच्या संदेशापासून दूर राहतात. साधा अडॅप्टर असेल, तर स्पाइक गार्ड दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डात न्यावा. असे केल्यावर अडॅप्टरला विजांपासून संरक्षण उरत नाही, हे मात्र मान्य करावे लागते. ढग गडगडू लागले की मी दोन्ही अडॅप्टर उपटून ठेवते आणि राउटरची लॅन केबलही काढते, कारण तारेतून आलेला झटका केबलमार्गे राउटरपर्यंत जाऊ शकतो.

आणखी एक ओळखीची खूण सांगते. स्पाइक गार्ड संदेश गिळतो, तर काही यंत्रे उलट तारेवर आपला गोंगाट सोडतात. स्वस्त मोबाइल चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि माळांचे छोटे अडॅप्टर यात पुढे असतात. लिंक कायम विझलेली असेल, तर वाटेत शोधावे. पण ती ठरावीक वेळीच पडत असेल, तर त्या वेळी घरात काय चालू होते ते पाहावे. चवथीच्या पाच दिवसांत आमची लिंक दिवसा हिरवी असायची आणि दिवेलागणीला लाल व्हायची. माटोळीभोवतीच्या दिव्यांच्या माळेचा प्लग काढला की ती पुन्हा हिरवी होई. माळ काढणे शक्य नव्हते, म्हणून तिचा प्लग राउटरच्या बोर्डावरून काढून स्वयंपाकघरातल्या बोर्डावर नेला आणि तेवढ्यानेच काम भागले.

## ४. दोन्ही पॉइंट कोणत्या सर्किटवर आहेत ते शोधा

स्पाइक गार्ड काढूनही मागच्या खोलीत दिवा लागत नसेल, तर आता कागद-पेन्सिल घ्यावी. घरातल्यांना आधी सांगून, चालू कामे थांबवून, डीबीतले एमसीबी एकेक करून पाडावेत आणि प्रत्येक वेळी कोणते पॉइंट गेले ते लिहावे. दोघे असल्यास हे काम वीस मिनिटांचे आहे. आमच्या घरात तोपर्यंत असा कागद कधीच नव्हता, आणि दोन खोल्यांची नावे एमसीबीवर उलटी लिहिलेली निघाली.

दोन पॉइंट वेगळ्या एमसीबीवर असणे हा स्वतःमध्ये दोष नव्हे. एकाच फेजवरचे सगळे एमसीबी डीबीत एकाच पट्टीला जोडलेले असतात, त्यामुळे संदेश एका सर्किटमधून वर जाऊन दुसऱ्यात उतरतो. वाटेत थोडा क्षीण होतो, इतकेच. लिंक हिरव्याची नारिंगी होईल, पण सहसा विझणार नाही. ती पूर्ण विझते तेव्हा पुढीलपैकी एखादे कारण असते.

वेगळी फेज. मोठ्या घरांना, विशेषतः पंप आणि एसी असलेल्यांना, तीन फेजची जोडणी असते. वसरी एका फेजवर आणि मागची खोली दुसऱ्या फेजवर असेल, तर दोन्ही फेजच्या तारा घरात कुठेच जुळत नाहीत. वायरी शेजारून धावताना थोडा संदेश एकीतून दुसरीत झिरपतो, त्यामुळे काही घरांत लिंक लागतेही, पण ती भरवशाची नसते. याची खात्री वायरमन मीटरने करतात : दोन पॉइंटच्या फेजमध्ये मोजल्यास, एकच फेज असेल तर जवळजवळ शून्य आणि वेगळ्या असतील तर 400 व्होल्टच्या आसपास आकडा येतो. हे मोजमाप स्वतः करू नये, 400 व्होल्ट हा खेळ नाही. उपाय म्हणजे हलक्या भाराचे एक सर्किट दुसऱ्या फेजवर हलवणे. भाराचा तोल बिघडत नाही ना, हे वायरमन पाहतील.

वेगळा मीटर. आपल्याकडे एकाच जुन्या घराचे भावाभावांत भाग होतात आणि प्रत्येकाचा मीटर वेगळा असतो. मागची खोली काकांच्या भागातल्या मीटरवर असेल, तर संदेशाला दोन्ही मीटर आणि दोन्ही मुख्य स्विच ओलांडावे लागतात. इथे आशा धरू नये. शेजारच्या मीटरवरून एखादा पॉइंट ओढून घेण्याचा विचारही करू नये.

इन्व्हर्टरची लाइन. आमच्या घरातले कारण हेच होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे गोव्यातल्या घरांत ते बाकीच्या दोहोंपेक्षा जास्त आढळत असावे, म्हणून ते सविस्तर सांगते.

पावसाळ्यात वीज जाते म्हणून आम्ही जूनमध्ये इन्व्हर्टर बसवला. वायरमननी दिवे, पंखे आणि माझ्या कामाच्या खोलीतला पाच अँपिअरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. वसरीतला राउटरचा पॉइंट मुख्य लाइनवरच राहिला. त्या दिवसापर्यंत दोन्ही पॉइंट डीबीच्या एकाच पट्टीवर होते. त्या दिवसानंतर त्यांच्या मध्ये इन्व्हर्टर येऊन बसला. वीज असताना इन्व्हर्टर ती रिलेतून पुढे सोडतो खरा, पण त्या वाटेवर त्याची फिल्टरची सामग्री असते आणि ती स्पाइक गार्डसारखेच काम करते. पंखा फिरतो, दिवा लागतो, लॅपटॉप चार्ज होतो, म्हणून आपल्याला वाटते की पॉइंट ठीक आहे. 50 हर्ट्झच्या दृष्टीने तो ठीकच असतो.

हे सिद्ध करायला साधा एक्स्टेन्शन बोर्ड उपयोगी पडला. शेजारच्या कोठीच्या खोलीत मिक्सरसाठी ठेवलेला एक पॉइंट मुख्य लाइनवर होता. तिथून एक्स्टेन्शन ओढून कामाच्या खोलीत आणला, अडॅप्टर त्यात लावला, आणि अर्ध्या मिनिटात लिंकचा दिवा नारिंगी झाला. तोच अडॅप्टर एक हात अंतरावरच्या भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला, तर दिवा विझलेला. अडॅप्टर तोच, खोली तीच, लॅपटॉपही तोच, बदलली होती फक्त लाइन. मग वसरीतला स्पाइक गार्ड बाजूला केला आणि नारिंगीचा हिरवा झाला.

वायरमनना बोलावून हे दाखवले, तेव्हा ते हसून म्हणाले, “बाई, मला वाटले पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला म्हणजे तुमचे काम सोपे होईल. त्या डब्यातून इंटरनेट जाते हे मला कोणी सांगितले होते?” त्यांचे बरोबर होते. मीच सांगितले नव्हते. ज्यांच्या घरी पॉवरलाइन अडॅप्टर आहेत त्यांनी इन्व्हर्टर, सोलर किंवा नवा डीबी बसवताना ही गोष्ट आधी बोलावी.

यावर मार्ग दोन आहेत. दोन्ही पॉइंट मुख्य लाइनवर ठेवले, तर लिंक चांगली राहते, पण वीज गेली की इंटरनेटही जाते. दोन्ही पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, तर वीज गेल्यावरही काम चालू राहते, पण इन्व्हर्टर बॅटरीवर चालताना तारेवर स्वतःचा गोंगाट सोडतो आणि वेग कमी होतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर त्रास कमी, स्क्वेअर वेव्हचा असेल तर लिंक पूर्ण पडूही शकते. आम्ही दुसरा मार्ग घेतला. वसरीतल्या राउटरच्या पॉइंटसाठी इन्व्हर्टरची लाइन ओढून घेतली. राउटर आणि अडॅप्टर मिळून भार इतका थोडा असतो की बॅटरीला तो जाणवत नाही. एक टोक इन्व्हर्टरवर आणि दुसरे मुख्य लाइनवर, हा तिसरा मार्ग तेवढा टाळावा.

## ५. आता बटण

एकाच खोलीतल्या कसोटीत दिवा लागला नव्हता, तर आणि तरच या पायरीवर यावे. अडॅप्टर एकमेकांना ओळखतात ते एका गुप्त किल्लीने. कारखान्यातून निघताना अनेक होमप्लग अडॅप्टरमध्ये त्या किल्लीसाठी एकच ठरावीक पासवर्ड असतो, `HomePlugAV`, आणि त्यामुळे नवी जोडी सॉकेटमध्ये लावताच आपोआप जुळते. पेअर बटण दाबून जोडी लावली की दोघांची नवी, खासगी किल्ली तयार होते. बटणाचे काम दाबण्याच्या वेळेवर ठरते, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. एक-दोन सेकंद दाबले तर “जोडी लाव” असा अर्थ होतो. दहा सेकंदांहून जास्त धरले तर बहुतेक अडॅप्टरमध्ये “जुनी जोडी सोड” असा होतो, आणि तो अडॅप्टर स्वतःसाठी एक नवीच, दुसऱ्या कोणाकडेही नसलेली किल्ली बनवतो. मी दोन्ही अडॅप्टरवर आलटून पालटून बटण धरत बसले होते, म्हणजे दर वेळी दोन कुलपांना दोन वेगळ्या चाव्या बनवत होते.

क्रम असा ठेवावा :

१) दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावेत. एकाला राउटरची आणि दुसऱ्याला लॅपटॉपची केबल जोडावी, म्हणजे मध्येच ते झोपणार नाहीत. विजेचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबावे.

२) दोन्ही अडॅप्टरवर एकदाच, दहा ते पंधरा सेकंद बटण धरून जुनी जोडी सोडवावी. दिवे विझून पुन्हा लागतील, किंवा विजेचा दिवा काही क्षण लुकलुकेल. एक मिनिट थांबावे. रिसेटचे वेगळे छिद्र असेल आणि टाचणीने दाबायचे असेल, तर ते वेगळे काम आहे : त्याने कारखान्यातली मूळ किल्ली परत येते आणि अनेकदा दोन्ही अडॅप्टर आपणहून जुळतात. पण त्या किल्लीवर तसेच सोडू नये, कारण जवळपास कोणाकडे तशाच किल्लीचा अडॅप्टर असेल तर तोही आपल्या जाळ्यात येऊ शकतो.

३) राउटरकडच्या अडॅप्टरचे बटण एक-दोन सेकंद दाबून सोडावे. विजेचा दिवा लुकलुकू लागेल. त्यानंतर दोन मिनिटांच्या आत दुसऱ्या अडॅप्टरचे बटण तसेच थोडा वेळ दाबावे. दोन मिनिटे उलटली तर पहिला अडॅप्टर वाट पाहणे सोडून देतो. जोडी लावायची ती एकाच खोलीत, याचे एक कारण हेही आहे की मागच्या खोलीपर्यंत चालत जाण्यातच तो वेळ संपतो.

४) बटणाला पुन्हा हात न लावता एक मिनिट थांबावे. लिंकचा दिवा स्थिर लागला की जोडी लागली. मग दुसरा अडॅप्टर उपटून खुशाल मागे न्यावा. किल्ली त्याच्या आत साठवलेली असते, वीज गेल्याने ती जात नाही.

तिसरा अडॅप्टर जोडायचा असेल, तर आधी जोडीतल्या एकाचे बटण दाबावे आणि मग नव्याचे. नवा अडॅप्टर विकत घेताना जात पाहावी : एव्ही आणि एव्ही-2 एकमेकांशी बोलतात, पण जी-एचएन जातीचा अडॅप्टर त्यांच्याशी कधीच जुळत नाही, बटण कितीही दाबले तरी. दुकानात दोन्हींच्या खोक्यांवर सारखेच “पॉवरलाइन” लिहिलेले असते.

या क्रमाने दोनदा करूनही एकाच खोलीत दिवा लागला नाही, तर एक अडॅप्टर निकामी झाला असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडच्या दमट हवेत सॉकेटच्या पट्ट्या गंजतात, म्हणून ती शंका पक्की करण्याआधी दुसऱ्या खोलीतला बोर्ड एकदा वापरून पाहावा.

## ६. लिंक लागली, पण टिकते का

हिरवा दिवा लागला म्हणजे काम झाले असे नाही. मागच्या खोलीतल्या लॅपटॉपचे वायफाय बंद करावे, अडॅप्टरची केबल जोडावी आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरचा पत्ता घालून हे चालू ठेवावे. अनेक राउटरचा पत्ता खालीलप्रमाणे असतो, आपला वेगळा असल्यास तो राउटरच्या मागे लिहिलेला असतो.

```
ping -t 192.168.1.1
```

दर सेकंदाला एक ओळ येत राहील. वेळ काही मिलिसेकंदांची असेल आणि ओळी अखंड येत असतील तर तार ठीक आहे. मधूनच `Request timed out.` दिसू लागले, तर त्या क्षणी घरात काय सुरू झाले ते पाहावे : फ्रीज, पंप, वॉशिंग मशीन की कोणाचा चार्जर. दहा-पंधरा मिनिटे पाहून `Ctrl+C` ने थांबवावे. वेगाच्या बाबतीत खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नये. 600 लिहिलेल्या अनेक अडॅप्टरचे लॅन पोर्ट मुळात 100 एमबीपीएसचेच असते, त्यामुळे त्याहून जास्त वेग तिथून निघूच शकत नाही.

सॉकेटला अर्थिंग आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. तीन पिनांचे काही एव्ही-2 अडॅप्टर अर्थिंगची तारही संदेशासाठी वापरतात. ती तुटलेली असेल, किंवा आपण दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून अडॅप्टर लावला असेल, तर लिंक लागते पण वेग पडतो. आणि अर्थिंग तुटलेली असणे हा इंटरनेटहून मोठा प्रश्न आहे, तो वायरमनना लगेच दाखवावा.

इन्व्हर्टर असेल तर शेवटची कसोटी अशी : वरची आज्ञा चालू ठेवून मुख्य स्विच पाच मिनिटे बंद करावा आणि घर बॅटरीवर जाऊ द्यावे. आमच्याकडे बदलाच्या क्षणी तीन-चार ओळी चुकल्या, मग लिंक नारिंगी होऊन स्थिरावली. व्हिडिओ कॉल चालतो, मोठी फाइल चढवायला वेळ लागतो. एमसीबीचा तो कागद आता डीबीच्या दाराला आतून चिकटवला आहे आणि इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या पॉइंटसमोर लाल पेन्सिलीने खूण केली आहे, म्हणजे पुढच्या वेळी वायरमन आले की त्यांना ती आधी दिसेल.